‘ते पाणी असावं’ : बर्टनच्या एका पानात नेमकं कोण बघतंय?

सायली_वही

आमच्या वाचनगटासाठी मी इंग्रज प्रवासी रिचर्ड बर्टनच्या ‘द लेक रीजन्स ऑफ सेंट्रल आफ्रिका’ (१८६०) मधला एक उतारा मराठीत आणतेय. जेमतेम दीड-दोन पानं आहेत, पण आठवडा झाला तरी अडकून बसले आहे. शब्द अवघड नाहीत. अडचण अशी की मराठीत लिहायला घेतलं की प्रत्येक वाक्यात मला कुणाची तरी बाजू घ्यावी लागते.

प्रसंग १३ फेब्रुवारी १८५८ चा. बर्टन आणि त्याचा सोबती स्पेक यांचा काफिला टांगानिका सरोवराजवळ पोचलाय. उंच गवत संपून विरळ रान लागलंय. तासभर चालल्यावर बर्टनला दिसतं की काफिल्यातला ‘फुंडी’ पुढे धावतोय आणि सगळ्यांची दिशा बदलतोय. बर्टन त्याच्या मागे जातो. फुंडी एक खडा, दगडधोंड्यांचा, काटेरी झाडांचा चढ चढतो. त्या चढावर स्पेकचं गाढव मरतं. माथ्यावर सगळे क्षणभर थांबतात आणि बर्टन सिदी बॉम्बे नावाच्या वाटाड्याला विचारतो, "ती खाली दिसणारी उजेडाची रेघ कसली?" बॉम्बे उत्तर देतो, "ते पाणी असावं, असं माझं मत आहे."

पुढचं वाक्य मी अपेक्षिलंच नव्हतं. बर्टन हिरमुसतो. इतक्याशा बक्षिसासाठी आपण जीव धोक्यात घातला, तब्येत घालवली, म्हणून हळहळतो. अरबांनी अतिशयोक्ती केली म्हणून त्यांना शिव्याशाप देतो आणि लगेच परत फिरायचा विचार करतो. मग चार पावलं पुढे जातो, सगळं सरोवर समोर उलगडतं आणि सुरू होतं ते प्रसिद्ध वर्णन: पाचूसारखी हिरवी पट्टी, पिवळी चमकती वाळू, पोलादी रंगाचे डोंगर, मोत्यासारखं धुकं.

माझे प्रश्न दोन. बॉम्बे ‘म्हणाला’ लिहू की ‘म्हणाले’? बर्टन आणि स्पेकना मी काय लिहू? इंग्रजीत सगळे एकाच ‘ही’ मध्ये बसतात, मराठीत नाही. आणि दुसरा: या पानात खरोखर बघतंय कोण? मला ते दर वेळी वेगळं वाटतं.

उनाडपाऊल

छान विषय! मीही पुढच्या वर्षी टांझानियाचा बेत करतोय. सरोवराकडे जायला कोणता महिना बरा? पुस्तकात मार्गाची माहिती असेल तर तीही टाका.

सायली_वही

@उनाडपाऊल, हा धागा सहलीच्या आखणीचा नाही हो. पुस्तकातला मार्ग पायी होता. किनाऱ्यावरून जून १८५७ मध्ये निघून ते फेब्रुवारीत पोचले. त्यावर काय आखणार!

निषाद_

यात अडण्यासारखं काय आहे? उंचावर उभा राहिलेला गोरा माणूस खाली बघतो आणि जे दिसतं ते त्याचं होतं. प्रवासवर्णनांची अभ्यासक मेरी लुईस प्रॅटनं ‘इम्पीरियल आइज’ (१९९२) मध्ये नेमका हाच उतारा घेतलाय. तिनं या प्रकाराला नावच दिलंय, ‘जिथवर नजर पोचेल तिथवर मी राजा’ अशा अर्थाचं. ‘बक्षीस’ हा शब्द पाहा ना. सरोवर हे बक्षीस! सगळं पुस्तक साम्राज्याची मोजणी आहे. भाषांतर करायचंच असेल तर तशी टीप देऊन करा.

रघुनाथराव

@निषाद, इतकी घाई नको. बर्टन हा सामान्य साहेब नव्हता. तो मुंबईच्या देशी पायदळात अधिकारी होता, हिंदुस्तानी, गुजराती आणि आपल्या मराठीच्याही परीक्षा दिलेला. १८५३ साली वेष पालटून मक्केला जाऊन आलेला. ज्याला लोकांच्या भाषा येतात तो लोकांकडे तुच्छतेनं बघूच शकत नाही, असं माझं मत आहे. शिवाय १८५८ च्या माणसाला आजची फूटपट्टी लावणं अन्याय आहे.

मोडीवाचक

रघुनाथराव, भाषांबद्दल तुम्ही सांगता ते खरं आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. याच पुस्तकात पूर्व आफ्रिकी लोकांच्या स्वभाव आणि धर्मावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात तो म्हणतो की तिथलं मानसशास्त्र म्हणजे माणसाच्या प्राथमिक अवस्थेतल्या मनाचा अभ्यास. त्या प्रकरणाची क्रियापदं मराठीत आणून बघा. प्रवासाच्या प्रकरणांत ‘आला, म्हणाला, पळून गेला, भांडला’ असतं, म्हणजे कुणीतरी एका दिवशी काहीतरी केलं. स्वभावाच्या प्रकरणात शिरलात की सगळं ‘असतो, करतो, मानतो’ होतं. माणूस एकवचनी होतो, ‘पूर्व आफ्रिकी’ एवढाच उरतो आणि त्याला तारीख उरत नाही. १३ फेब्रुवारीला काफिल्याची दिशा बदलणारा फुंडी त्या प्रकरणात मावतच नाही, कारण त्यानं जे केलं ते ‘असतो-करतो’ मध्ये बसत नाही. भाषा येणं एक आणि समोरच्याला आपल्याच काळात उभं राहू देणं दुसरं. बर्टनला पहिलं उत्तम जमत होतं.

आजच्या फूटपट्टीचं म्हणाल तर ती लागतच नाही. त्याच दिवसाची दुसरी हकीकत उपलब्ध आहे, स्पेकची. दोघे एकाच टेकडीवर होते. दोन्ही शेजारी ठेवायच्या, बास.

आता सायलीताईंचा दुसरा प्रश्न. स्पेकला त्या वेळी डोळ्यांचा विकार झाला होता. त्यानं स्वतः लिहिलंय की इतक्या हालअपेष्टा काढून ज्या सरोवरापाशी आलो तिथे माझ्या डोळ्यांपुढे फक्त धुकं आणि चकाकी होती. त्याला सरोवर दिसलंच नाही. बर्टन महिनोन् महिने तापानं आजारी होता, पायांत ताकद नव्हती. आणि पहिल्यांदा सरोवर लहान का वाटलं याची कारणं देताना तो झाडांच्या पडद्याबरोबर, उन्हाच्या एका पट्ट्याबरोबर, आपल्या ‘आंधळेपणाच्या अवशेषां’चाही उल्लेख करतो. म्हणजे ज्या पानाला ‘युरोपीय नजरेनं टांगानिका पहिल्यांदा पाहिलं’ म्हणतात, त्या पानात एकाला दिसत नाहीये आणि दुसऱ्याला धड दिसत नाहीये. नीट बघणारा माणूस म्हणजे ज्याला प्रश्न विचारला जातो तो.

सायली_वही

@मोडीवाचक, ‘आंधळेपणाचे अवशेष’ मी ‘डोळ्यांवरची झापड’ असं करून टाकलं होतं! म्हणजे कंटाळा किंवा थकवा. परत जाऊन दुरुस्त केलं. केवढा फरक पडला.

निषाद_

मान्य, ते माझ्या लक्षात नव्हतं. पण याने प्रॅटचा मुद्दा उलट पक्का होतो ना? दिसत नसतानाही इतकं भरगच्च वर्णन. मग ते डोळ्यांनी लिहिलेलं नाहीच, सवयीनं लिहिलंय.

मोडीवाचक

अर्धा पक्का होतो. प्रॅट दाखवते की विशेषणांमधून घरचं सामान तिकडच्या देखाव्यात आणून मांडलं जातं. पाचू, पोलाद, मोती. डोंगर पोलादी रंगाचा म्हणणारा माणूस पोलाद बनवणाऱ्या देशातून आलेला आहे. आणि वर्णनाच्या शेवटाकडे तो म्हणतो की इथे फक्त कलेचा थोडा हात फिरायला हवा, मशिदी, महाल, बागा, फळबागा, की हे जगातल्या नावाजलेल्या देखाव्यांशी बरोबरी करेल. ते वाक्य लिहिताना खाली गावं आहेत, शेतं आहेत, पाण्यावर कोळ्यांच्या होड्या आहेत. त्यानंच आधीच्या ओळीत त्या मोजल्यात. त्या ‘आहेत’ मध्ये जमा होतात आणि लगेच ‘काय कमी आहे’ याची यादी सुरू होते. हा मुद्दा मला शंभर टक्के पटतो.

पण प्रॅट जिथे चित्राकडे बघते तिथे मी चौकटीकडे बघतो. चित्राच्या आधी काय घडतं? दिशा फुंडीनं ठरवली. ‘ही जबाबदारी त्यानं स्वतःच घेतली असेल असं मनातही न आणता मी त्याच्या मागे गेलो’ असं बर्टन लिहितो. मागे गेलो! राजा मागे जात नाही. मग त्याला पाणी ओळखता येत नाही, विचारावं लागतं. मग तो चुकतो, सरोवर क्षुल्लक समजतो आणि ज्यांनी खरी माहिती दिली त्या अरबांनाच खोटं ठरवतो. काझेहच्या स्नाय बिन आमिर या व्यापाऱ्यानं आधीच सांगितलं होतं की नकाशावर एकच अवाढव्य सरोवर दाखवतात ते चूक आहे, सरोवरं वेगवेगळी आहेत. ते बरोबर निघालं. हे सगळं बर्टननं स्वतःच छापलंय, झाकलं नाही. त्यामुळे ‘लेखकाची नजर’ म्हणताना मी दोन गोष्टी वेगळ्या धरतो: त्याला काय दाखवायचं होतं आणि त्याच्या हातून काय उघडं राहिलं.

रघुनाथराव

हेच मी म्हणत होतो, तो प्रामाणिक होता.

मोडीवाचक

प्रामाणिक होता की चांगली गोष्ट कशी सांगावी हे त्याला ठाऊक होतं? आधी निराशा दाखवली की पुढचा आनंद दुप्पट होतो. त्यानं घरी बसून, दीड-दोन वर्षांनी लिहिलंय. हे नक्की कसं ठरवायचं ते मला आजवर उमगलेलं नाही.

दर्यावर्दी

मी दोन वर्षं याच सरोवराकाठच्या किगोमाला कामाला होतो. बर्टनचा काफिला पुढे जिथे पोचला ते उजिजी तिथून अगदी जवळ, आता किगोमाचाच भाग झालंय. दोन गोष्टी सांगतो.

पहिली: फुंडी हे नाव नाही. स्वाहिलीत फुंडी म्हणजे कसबी माणूस. आजही सुताराला, गवंड्याला, शिंप्याला, गाडी दुरुस्त करणाऱ्याला फुंडीच म्हणतात. म्हणजे दिशा बदलणाऱ्या माणसाचं नाव त्या पानात नाहीच, फक्त त्याचा धंदा आहे. आणि तो धंदाही नेमका कोणता ते त्या पानावरून कळत नाही.

दुसरी: सरोवर सरासरी ५० किलोमीटर रुंद आहे. हवा स्वच्छ असली की पलीकडचे काँगोचे डोंगर दिसतात, धूसर असली की पलीकडे काही नाहीच असं वाटतं. टेकडीच्या एका वळणावर पाण्याची नुसती चकचकीत फीत दिसते आणि पुढच्या वळणावर माणूस गप्प होतो. त्यामुळे बर्टनची पहिली निराशा मला रचलेली वाटत नाही. मलाही पहिल्या दिवशी "एवढंच?" वाटलं होतं.

कुमुद_लेले

माझा थोडा वेगळा अनुभव. मी हौशी प्रवासलेखन करते. तीन वर्षांपूर्वी एका तळ्याकाठच्या मुक्कामावर लेख लिहिला होता. होडीवाला, त्याचे सुरकुतलेले हात, त्याचं ‘काळाला थांबवणारं’ हसू. पुष्कळ जणांना आवडला. एका वाचक बाईंनी एकच प्रश्न विचारला: त्यांचं नाव काय? मला माहीत नव्हतं. चार तास त्यांच्या होडीत होते. त्यांनी मला माझं नाव, गाव, मुलं, सगळं विचारलं होतं. फुंडीचं वाचून ते आठवलं आणि वाईट वाटलं. नंतर लेखात ‘नाव विचारायचं राहिलं’ असं वाक्य घातलं. पण ते वाक्यही माझ्याचबद्दल आहे, त्यांच्याबद्दल नाही. ते ठेवावं की काढावं हे अजून कळत नाही.

निषाद_

@कुमुद_लेले, ठेवा. निदान जागा रिकामी आहे हे तरी दिसतं.

मोडीवाचक

मी त्या वाक्यापेक्षा ‘काळाला थांबवणारं हसू’ काढेन. बर्टनच्या ‘असतो-करतो’ची ती गोड आवृत्ती आहे. होडीवाल्यांचा काळ थांबलेला नव्हता, त्यांना चार तासांनी दुसरी फेरी असणार.

कुमुद_लेले

होती. दोघंजण काठावर वाट बघत उभे होते. मीच ते लिहिलं नाही. आज काढते.

सायली_वही

आता बॉम्बेबद्दल कुणी सांगाल का? मला फार थोडं माहीत आहे.

मोडीवाचक

सिदी मुबारक बॉम्बे. जन्म याओ जमातीत. लहानपणी गुलामांच्या व्यापाऱ्यांनी पकडलं, पुढे एका मालकाबरोबर हिंदुस्तानात आला, बरीच वर्षं राहिला. मालक वारल्यावर सुटला, परत झांजिबारला गेला आणि सुलतानाच्या फौजेत लागला. तिथून या दोघांनी त्याला घेतलं. ‘बॉम्बे’ हे नाव त्याच मुक्कामाची खूण. ही जीवनकथा आपल्याला मुख्यतः स्पेकमुळे माहीत आहे. त्यानं ती बॉम्बेकडून ऐकून आपल्या लेखनात दिली. भाषापंडित बर्टननं नाही, ज्याला हिंदुस्तानीखेरीज पूर्वेकडची दुसरी भाषा धड येत नव्हती त्या स्पेकनं. कारणही तेच. स्पेकला त्या काफिल्यात फार थोड्यांशी बोलता येत होतं, त्यांतला एक बॉम्बे. म्हणून तो त्याच्याशी बोलत बसला. रघुनाथराव, भाषांबद्दल तुमच्याशी वाद घातला तो यासाठी.

बॉम्बे नंतर स्पेक आणि ग्रँटबरोबर गेला, १८७१ मध्ये स्टॅनलीबरोबर लिव्हिंग्स्टनच्या शोधात गेला, १८७३ ते १८७५ मध्ये कॅमेरॉनबरोबर खंड ओलांडून पलीकडच्या किनाऱ्यावर पोचला. बर्टनची धरून चार मोहिमा. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं त्याला पुढे पेन्शन दिलं. त्यानं स्वतः लिहिलेलं पुस्तक मात्र नाही. जे आहे ते त्याला कामावर ठेवणाऱ्यांनी लिहिलेलं.

रघुनाथराव

स्पेकबद्दलचं मला नवीन आहे. माझं मत थोडं बदलतो. पण बर्टननंही बॉम्बेची तारीफ केली आहे ना?

मोडीवाचक

केली आहे, आणि तो भाग फार मोलाचा आहे. बर्टन लिहितो की हा घोड्यासारखा काम करतो आणि उघडपणे सांगतो की आमच्यावरच्या प्रेमानं नाही, पोटाच्या कर्तव्यापोटी करतो. बर्टनला ते गमतीचं वाटलंय. मला त्यात बॉम्बेचा आवाज ऐकू येतो. स्वामिनिष्ठ वाटाड्याचा जो साचा प्रवासवर्णनांत पुढे चालत राहिला, त्यात बसायला त्यानं तोंडावर नकार दिलाय.

सायली_वही

‘प्रेमापोटी नाही, पोटापायी.’ हे तर मराठीत आपोआपच आलं!

आणि यावरून एक सुचतंय. टेकडीवरचं संभाषण बहुधा हिंदुस्तानीतच झालं असणार ना? बर्टननं ते ‘आय ॲम ऑफ ओपिनियन’ अशा कचेरीतल्या इंग्रजीत घातलंय. मी ‘असं माझं मत आहे’ केलं, म्हणजे त्याच्या इंग्रजीचं मराठी केलं. बॉम्बे कदाचित नुसतं "पानी होगा" म्हणाला असेल.

निषाद_

मग ‘पानी होगा’च लिहा की.

मोडीवाचक

नको. ते तुम्ही रचलेलं होईल. बर्टननं त्याला कारकुनी इंग्रजी दिलं, आपण त्याला सिनेमातलं हिंदी देऊ. दोन्ही बाहेरूनच. संभाषण कोणत्या भाषेत झालं असावं ते टिपेत सांगा आणि मजकूर बर्टनचा आहे तसाच ठेवा. कारकुनी वाटू दे. वाचकाला खटकलं तर बरंच.

सायली_वही

बरं. आणखी एक शब्द. प्रत्येक मुलुखातून जाताना सरदाराला कापड, मणी वगैरे द्यावे लागत, त्याला ‘होंगो’ म्हणत. बर्टन त्यासाठी ‘ब्लॅकमेल’ शब्द वापरतो. मी ‘खंडणी’ लिहिलंय.

दर्यावर्दी

होंगो ही वाटेची जकात होती. आपल्या मुलुखातून माल जातोय, पाणी-धान्य-मुक्काम वापरला जातोय, तर पैसे द्या. अरब व्यापारी कुरकुरत का होईना, देत होते. ‘खंडणी’ म्हटलं की आपल्याला गुंड आठवतात.

मोडीवाचक

म्हणूनच ‘खंडणी’ चांगला शब्द आहे असं मला वाटतं. जुन्या कागदांत खंडणी म्हणजे मांडलिकानं राजाला भरायची रक्कम, त्यात लाजेसारखं काही नाही. आज तोच शब्द गुन्ह्याच्या बातमीत येतो. बर्टनच्या शब्दालाही तशीच दोन टोकं आहेत. ब्लॅकमेल हा शब्द स्कॉटलंडच्या सीमेवरून आला, तिथे टोळ्यांचे म्होरके ‘संरक्षणा’साठी जे वसूल करत त्याला ब्लॅकमेल म्हणत. त्यामुळे बर्टनच्या तोंडी ‘खंडणी’ राहू द्या आणि जिथे सरदार स्वतः मागतो तिथे ‘होंगो’च ठेवा. मग एकाच व्यवहाराची दोन नावं पानावर समोरासमोर येतील.

रघुनाथराव

मला जकात बरी वाटते. खंडणीनं आजचा वाचक वाहवत जाईल. पण हट्ट नाही.

सायली_वही

राहिला पहिला प्रश्न, म्हणाला की म्हणाले. माझा सध्याचा मसुदा: बर्टन स्वतःला ‘मी’ म्हणतो त्यामुळे तिथे अडत नाही. स्पेकला ‘माझा सोबती’ म्हणतो, म्हणून तो ‘तो’. बॉम्बेही ‘तो’. फुंडीही ‘तो’. म्हणजे पुस्तकात सगळे अरे-तुरे. पण प्रस्तावनेत मी स्वतः बोलते तिथे काय? पहिल्या खर्ड्यात माझ्याही नकळत ‘बर्टन यांनी’ आणि ‘बॉम्बेने’ असं लिहून गेले होते. आज वाचताना दिसलं. ते बर्टननं केलेलं नाही, मी केलंय.

कुमुद_लेले

अगं, मीही वर होडीवाल्यांना आधी ‘त्याचे हात’ आणि मग ‘त्यांचं नाव’ लिहिलंय बघ. वाचक बाईंनी ‘त्यांचं’ म्हटल्यावर बदललं.

निषाद_

सगळ्यांना ‘यांनी’ करा प्रस्तावनेत.

रघुनाथराव

किंवा सगळ्यांना एकेरी. शेकडो वर्षांपूर्वीच्या माणसांना आपण शिवाजी, अकबर म्हणतोच की प्रेमानं.

मोडीवाचक

फुंडीला ‘यांनी’ कसं लावणार? नावच नाही. ‘फुंडी यांनी दिशा बदलली’ वाचवत नाही. एकेरीच बरं, पण मग बर्टनलाही.

सायली_वही

एकेरी करते. शनिवारी गटात मोठ्यानं वाचणार आहे, कानाला कसं लागतं ते इथे कळवेन.

दर्यावर्दी

जाता जाता एक विचारतो. त्या काफिल्यात मुंबईहून नेलेले दोन गोवेकर नोकर होते ना, व्हॅलेंटाइन आणि गाएतानो? ते दोघे त्या टेकडीवर होते का? त्यांना काय दिसलं याबद्दल कुठे ओळ आहे का?

मोडीवाचक

काफिल्यात होते. पुस्तकात येतात ते बहुतेक चुका करताना आणि आजारी पडताना. टेकडीच्या पानावर त्यांची नावं माझ्या वाचनात नाहीत. आज रात्री पुन्हा बघतो.